व्हिडिओ मेसेजमध्ये नजर कुठे ठेवायची: फोनची जागा आणि आरशासारखा प्रिव्ह्यू

व्हिडिओ मेसेज रेकॉर्ड करून पाठवला आणि नंतर बघितला तर आपण कायम खाली कुठेतरी बघत बोलतोय असं दिसतं, हे आमच्याकडे आता खूप जणांचं दुखणं झालंय. होमस्टेवाले पाहुण्यांना मेसेज पाठवतात, आंबेवाले गिऱ्हाइकांना पेटीतला माल दाखवतात, मुंबईतल्या नातवाला वाढदिवसाचा मेसेज जातो, आणि सगळ्यात तेच, माणूस बोलतंय छान पण नजर भिडत नाही. रत्नागिरी-गुहागर पट्ट्यात बऱ्याच जणांना मी हे घरी जाऊन शिकवते, त्यामुळे नेमकं कुठे अडतं ते मला माहितीये. म्हणून आज फक्त नजरेचं सांगते, लाईट, आवाज, एडिटिंग यात फार शिरत नाही.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. फोनवर सेल्फी कॅमेरा चालू केला की स्क्रीनवर, म्हणजे प्रिव्ह्यूत, आपण दिसतो, अगदी आरशात दिसतो तसे, उजवा हात हलवला की उजवीकडचाच हात हलतो. त्यामुळे मन त्याला आरसाच समजतं. पण आरशात आपण आपल्या डोळ्यात बघितलं की समोरचे डोळेही बरोब्बर आपल्याकडे बघतात, तिथे कधी चुकत नाही. फोनमध्ये तसं नसतं. फोनचा डोळा म्हणजे वरचं ते बारीक काळं टिंब, लेन्स, आणि आपला चेहरा दिसतो तो त्याच्या चार-पाच सेंटीमीटर खाली. आपण चेहऱ्याकडे बघतो, लेन्स आपल्याला वरून बघते, आणि तिला दिसतं की हा माणूस खाली बघतोय.

आता यातली खरी फसगत अशी की प्रिव्ह्यूमध्ये स्वतःची नजर तपासताच येत नाही. तुम्ही प्रिव्ह्यूतल्या डोळ्यांकडे बघाल तेव्हा ते डोळे तुम्हाला जरा खाली झुकलेलेच दिसणार, कारण त्या क्षणी तुम्ही खरंच लेन्सच्या खाली बघताय. आणि लेन्समध्ये बघाल तेव्हा नजर एकदम बरोबर असेल पण ती बघायला तुम्ही प्रिव्ह्यूत नसाल. मग लोक काय करतात, डोळे झुकलेले दिसले म्हणून हनुवटी वर करतात, भुवया ताणतात, फोन अजून जवळ आणतात, आणि प्रत्येक उपायानं ते जास्तच बिघडतं. म्हणून प्रिव्ह्यूचा उपयोग फक्त फ्रेम लावायला, म्हणजे डोकं कापलं जात नाही ना, मागे काय दिसतंय, आपण मधोमध आहोत का एवढं बघायला. नजर बरोबर आहे का ते फक्त रेकॉर्ड झालेल्या क्लिपमध्ये कळतं, कसं ते पुढे येईलच.

अंतर किती हवं

नजर किती चुकलीये हे दोन गोष्टींवर ठरतं, लेन्सपासून तुम्ही जिथे बघताय ती जागा किती दूर आणि तुम्ही स्वतः फोनपासून किती दूर. एक सोपा हिशोब डोक्यात ठेवा, ५७ सेंटीमीटरवरून बघितलं तर १ सेंटीमीटरचा फरक म्हणजे साधारण १ अंश. ५७ सेंटीमीटर म्हणजे दोन फुटांना थोडं कमी.

फोन उभा धरला असेल तर प्रिव्ह्यूतले आपले डोळे साधारण लेन्सच्या ५ सेंटीमीटर खाली येतात, स्वतःच्या फोनवर पट्टी लावून मोजा, मॉडेलप्रमाणे थोडं इकडेतिकडे होईल. हातात धरून सेल्फी घेतो तसा फोन ४०-४५ सेंटीमीटरवर असेल तर ५ सेंटीमीटरचे ६-७ अंश होतात. तोच फोन कशावर तरी ठेवून तुम्ही १ मीटर मागे बसलात तर तेच ५ सेंटीमीटर जेमतेम ३ अंश होतात. बघण्याची जागा बदललीच नाही, फक्त मागे सरकलात, आणि चूक निम्म्याहून कमी झाली.

हे आकडे महत्त्वाचे का, तर स्टॅनफर्डमध्ये मिल्टन चेन यांनी व्हिडिओ कॉन्फरन्सवर नजरेचा अभ्यास केला होता, २००२ साली तो प्रसिद्ध झाला, त्यात असं दिसलं की समोरचा माणूस डोळ्यांच्या थोडंसं खाली बघत असेल तर आपण ते चालवून घेतो, साधारण ५ अंशापर्यंत तो आपल्याकडेच बघतोय असं वाटतं, पण नजर डावीकडे, उजवीकडे किंवा वर गेली तर ते फार लवकर लक्षात येतं. म्हणजे खालच्या बाजूला थोडी सवलत आहे, बाकी तिन्ही बाजूंना जवळजवळ नाहीच. १ मीटरवर बसलात तर चुकून प्रिव्ह्यूकडे नजर गेली तरी ती सवलतीत बसते, हातातल्या फोनवर बसत नाही.

यातूनच दुसरी गोष्ट निघते, सेल्फी कॅमेऱ्यानं मेसेज करताना फोन उभाच ठेवा. आडवा केला की लेन्स डाव्या किंवा उजव्या टोकाला जाते आणि चेहरा स्क्रीनच्या मध्यावर, म्हणजे सहा-सात सेंटीमीटर बाजूला, आणि बाजूची चूक तर लोकांना सगळ्यात आधी दिसते. १ मीटरवरून सुद्धा ते ४ अंश होतात. खूप जण टीव्हीवर चांगलं दिसेल म्हणून आडवं रेकॉर्ड करतात आणि मग अख्ख्या मेसेजभर शेजारी कोणी उभं असल्यासारखे तिकडे बघत बोलतात. मेसेज शेवटी फोनवरच बघितला जाणारे, उभा पुरतो. आडवा करायचाच असेल तर मागच्या कॅमेऱ्यानं करा, त्याचं शेवटी सांगते.

काही फोनमध्ये लेन्स मधोमध नसून डाव्या कोपऱ्यात असते. अशा फोनवर प्रिव्ह्यूतल्या चेहऱ्याकडे बघितलं की उभा धरूनही नजर दोन-तीन सेंटीमीटर बाजूला जाते. तिथे स्वतः फोनसमोर असं बसा की तुमचं नाक लेन्सच्या रेषेत येईल, स्क्रीनच्या मध्याच्या रेषेत नाही. चेहरा फ्रेममध्ये मधोमध येतो आणि शरीर लेन्सकडे सरळ राहतं.

उंची: हे वेगळं प्रकरण आहे

नजर आणि कॅमेऱ्याची उंची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नवीन माणूस त्या एकत्र करतो. तुम्ही लेन्समध्ये अगदी नीट बघितलंत पण लेन्स हनुवटीच्या खाली असेल तर नजर भिडते खरी, पण तुम्ही वरून खाली बघताय असं दिसतं, नाकपुड्या दिसतात, मागे छताचा पंखा दिसतो. बोलणं कितीही गोड असलं तरी दरडावल्यासारखं वाटतं.

माझ्या मावसबहिणीचं गुहागरला होमस्टे आहे, तिचंच उदाहरण सविस्तर सांगते कारण तिच्या एका मेसेजमध्ये सगळ्या गोष्टी एकत्र आल्या होत्या. बुकिंग झालं की ती पाहुण्यांना एक मिनिटाचा मेसेज पाठवते, कधी पोचाल, गाडी कुठे लावायची, मासे खाणार की शाकाहारी, असं सगळं. रेकॉर्ड करायची जेवणाच्या टेबलावर, फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून. मला क्लिप दाखवली आणि म्हणाली, "अगं मी तर सरळच बघतेय, मग असं का दिसतंय?"

आम्ही टेप घेऊन मोजलं. ती खुर्चीत बसली की डोळे जमिनीपासून ११६ सेंटीमीटरवर. टेबल ७५ चं, त्यावर उभा फोन, लेन्स ८९ वर. म्हणजे लेन्स डोळ्यांच्या २७ सेंटीमीटर खाली, आणि ती फोनपासून ६० सेंटीमीटरवर. हिशोब केला तर लेन्स तिला साधारण २४ अंश खालून बघत होती. त्यात बरणीला टेकवल्यामुळे फोन मागे कललेला, म्हणून फ्रेममध्ये निम्मं छप्पर. आणि शिवाय ती लेन्सकडे नाही, प्रिव्ह्यूतल्या स्वतःकडे बघत होती, म्हणजे अजून जवळपास ५ अंश खाली. पापण्या अर्ध्या मिटल्यासारख्या दिसत होत्या, आणि तिला वाटत होतं आपण दमलेल्या दिसतोय.

बदललं ते एवढंच. टेबलावर आंब्याची रिकामी लाकडी पेटी उभी केली, तिच्यावर एक स्टीलचा डबा, आणि डब्यावर फोन, मागे पीठ भरलेला दुसरा डबा टेकायला, पण फोन मागे कलणार नाही इतका ताठ. लेन्स ११९ वर आली, म्हणजे डोळ्यांच्या दोन बोटं वर. दोन बोटं वर का, तर लेन्समध्ये बघताना नजर किंचित वर जाते आणि पापणी उघडी राहते, आणि मधेच प्रिव्ह्यूकडे बघितलं तरी डोळे साधारण समोरच राहतात, खाली पडत नाहीत. दोन-चार बोटांपेक्षा जास्त वर नेऊ नका, मग समोरच्याकडे मान वर करून विनवणी केल्यासारखं दिसतं. मग खुर्ची मागे घेतली, फोनपासून १ मीटर. एवढं दूर गेलं की डोक्यापासून कमरेच्या वरपर्यंतचा भाग येतो, हात दिसतात, आणि जवळून नाक मोठं दिसतं ते पण जातं.

फोन ताठ आहे की कललाय हे बघायला ॲप वगैरे काही लागत नाही. प्रिव्ह्यूत दाराची चौकट किंवा भिंतीचा कोपरा बघा, उभ्या रेषा वर जाताना एकमेकींकडे झुकत असतील तर फोन मागे कललाय. आणि छताचा पंखा दिसत असेल तर मोजायची पण गरज नाही.

एक मीटरवरून बटण दाबता येत नाही अशी तक्रार येते. रेकॉर्डिंग चालू करा, जाऊन बसा, एक श्वास घ्या, मग बोला, आणि नंतर गॅलरीत सुरुवातीचा आणि शेवटचा तुकडा ट्रिम करा. बोलणं संपल्यावर लगेच उठू नका, दोन सेकंद लेन्समध्ये बघत राहा म्हणजे कापायला जागा मिळते आणि शेवटी नजर पळालेली दिसत नाही. आवाजासाठी वायरचा इअरफोन शर्टाला लावला तरी चालतो, खळ्यात किंवा समुद्राच्या बाजूला बसणार असाल तर लावाच.

टिकली

लेन्समध्ये बघा सांगणं सोपं आहे, पण ते टिंब इतकं बारीक असतं की १ मीटरवरून बऱ्याच जणांना सापडतच नाही, आणि खाली आपला रंगीत हलणारा चेहरा असतो, डोळे आपोआप तिकडेच जातात. यावर मला सगळ्यात उपयोगी पडलेली वस्तू म्हणजे टिकली. लाल मध्यम आकाराची टिकली लेन्सच्या अगदी शेजारी चिकटवा, लेन्सवर नाही, आणि शक्यतो लेन्सच्या लगेच वरच्या कडेला किंवा कव्हरवर. खाली लावू नका कारण तिथे स्क्रीन आहे. टिकली दिसली की डोळ्यांना पकडायला काहीतरी मिळतं. लेन्सला टिकलीचा डिंक लागू देऊ नका, आणि आपल्याकडे खाऱ्या हवेचा एक चिकट थर लेन्सवर बसतोच, तो आधी कोरड्या सुती फडक्यानं पुसा, नाहीतर डोळ्यांतली चमक जाते आणि सगळं धुरकट येतं.

त्यानंतर प्रिव्ह्यू झाका. हो, खरंच झाका. फ्रेम एकदा बघून झाली, रेकॉर्डिंग चालू झालं, की लग्नपत्रिकेचा कागद कापून स्क्रीनवर असा लावायचा की लेन्स आणि वरची पट्टी उघडी, बाकी सगळं बंद. लोकांना भीती वाटते की आपण फ्रेमबाहेर गेलो तर. १ मीटरवर खुर्चीत बसलेला माणूस फ्रेमबाहेर जात नाही. माझ्या बहिणीचा सगळ्यात मोठा फरक या कागदानं पडला, पेटी आणि डब्यानं नाही, कारण केस नीट आहेत का हे बघायला ती दर वाक्याला खाली जायची आणि ते तिचं तिला कळतच नव्हतं.

काय बोलायचं ते लिहून ठेवायचं असेल तर याच कागदावर लिहा, लेन्सच्या लगेच खाली, मोठ्या अक्षरात, तीन-चार शब्द, पूर्ण वाक्यं नको. 'गाडी', 'जेवण', 'पोचायची वेळ', असं. वाक्यं लिहिलीत की डोळे ओळीबरोबर डावीकडून उजवीकडे सरकतात आणि बाजूची हालचाल लगेच दिसते, वाचतोय हे कळतंच. शब्द एकाखाली एक लिहा म्हणजे नजर फक्त वर-खाली होईल आणि खालची सवलत आपल्याला आहेच. चिठ्ठी फोनच्या बाजूला भिंतीवर मात्र कधीच लावू नका.

आरसा ठेवायचा की काढायचा

आता मिररचं. यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, रेकॉर्ड करताना दिसणारी प्रतिमा आणि सेव्ह झालेली फाइल. पहिली जवळपास सगळ्या फोनवर आरशासारखी असते आणि ती तशीच राहू द्या. कारण फ्रेम लावताना आपण डावीकडे सरकलो की प्रिव्ह्यूतही त्याच बाजूला सरकायला हवं, उलटं झालं तर माणूस गोंधळतो, सरकतच राहतो, आणि डोळे स्क्रीनवर शोधाशोध करत बसतात.

दुसरी, सेव्ह झालेली फाइल, ती मात्र सरळ हवी, म्हणजे समोर बसलेल्या माणसाला आपण जसे दिसू तशी. आयफोनवर हे `Settings > Camera > Mirror Front Camera` इथे असतं, ते बंद ठेवा. अँड्रॉइडवर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये `Save selfies as previewed` किंवा `Mirror` शब्द असलेलं काहीतरी सापडेल, तेही बंद. काही फोनमध्ये हे सेटिंग फक्त फोटोला लागू होतं आणि व्हिडिओला नाही, शिवाय एखाद्या ॲपच्या आतला कॅमेरा फोनच्या सेटिंगला विचारतोच असं नाही. म्हणून सेटिंगवर भरवसा ठेवून थांबू नका, कागदावर मोठं 'ग' काढा, हातात धरून तीन सेकंद रेकॉर्ड करा, आणि ज्या मार्गानं पाठवणार त्याच मार्गानं घरातल्या दुसऱ्या फोनवर पाठवून बघा. प्रिव्ह्यूमध्ये 'ग' उलटा आणि पोचलेल्या व्हिडिओत सरळ, असं असेल तर काम झालं.

देवगडचे माझ्या ओळखीचे एक बागायतदार आहेत, ते पेटी समोर धरून मेसेज करतात. प्रिव्ह्यूत पेटीवरची अक्षरं उलटी दिसली की ते थांबायचे, पेटी फिरवायचे, पुन्हा बघायचे, आणि बोलता बोलता नजर सारखी पेटीवर. फाइल सरळ सेव्ह होतेय हे एकदा दुसऱ्या फोनवर बघितल्यावर त्यांची ती धडपड थांबली. हा मिररचा नजरेशी असलेला खरा संबंध, उलटं दिसतंय ही शंका डोक्यात असली की डोळे प्रिव्ह्यू सोडत नाहीत.

सरळ फाइल बघितली की बहुतेकांना धक्का बसतो, चेहरा वाकडा वाटतो, भांग भलत्या बाजूला, एक भुवई वर. ते तसंच असतं, आपण आयुष्यभर स्वतःला फक्त आरशात बघितलेलं असतं. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये १९७७ साली यावर एक अभ्यास झाला होता, लोकांना स्वतःचा आरशातल्यासारखा उलटा फोटो जास्त आवडला आणि त्यांच्या मित्रमैत्रिणींना सरळ. म्हणजे तुम्हाला वाकडा वाटणारा चेहराच तुमच्या माणसांना ओळखीचा आहे. या कारणासाठी मिरर चालू करून ठेवू नका, आणि चेहरा कसा दिसतो याचा निर्णय स्वतः घेऊ नका, घरातल्या एकाला दाखवा.

हातानं दिशा दाखवताना जपा. माझी बहीण "देवळापासून उजवीकडे वळा" म्हणताना स्वतःचा उजवा हात करायची, आणि सरळ फाइलमध्ये तो बघणाऱ्याच्या डाव्या बाजूला दिसतो, समोरासमोर उभं असताना दिसतो तसाच. ऐकायला उजवीकडे, दिसायला डावीकडे. दिशा तोंडानं सांगा, "समुद्र समोर आला की" असं खुणेनं सांगा, आणि हात मांडीवर ठेवा. हाताकडे स्वतःची नजर जाते ती पण वाचते.

चाचणीची क्लिप आणि ती वाचायची कशी

खरा मेसेज करण्याआधी एक छोटी क्लिप करा. कागद न लावता, आधी लेन्समध्ये बघत "लेन्स" म्हणा आणि चार-पाच सेकंद काहीही बोला, मग प्रिव्ह्यूतल्या स्वतःच्या डोळ्यांकडे बघत "चेहरा" म्हणा आणि तेवढंच बोला, मग स्क्रीनच्या खालच्या टोकाकडे बघत "खाली" म्हणा. ही क्लिप हातभर अंतरावरून बघा, शक्य असेल तर दुसऱ्याच्या फोनवर, आणि प्रत्येक भागात एकेकदा पॉज करा.

पॉज केल्यावर पूर्ण चेहरा बघू नका, फक्त डोळे बघा. खाली बघताना वरची पापणी बुबुळाबरोबर खाली येते, म्हणून डोळा झोपाळू, अर्धा मिटलेला दिसतो. वर बघताना बुबुळाच्या खाली पांढरं दिसतं. बाजूला बघताना बुबुळाच्या एका बाजूचं पांढरं जास्त आणि दुसऱ्या बाजूचं कमी दिसतं. लेन्सवाल्या भागात दोन्ही बाजूंचं पांढरं साधारण सारखं असेल तर बरोबर. त्यातही एका बाजूला जास्त दिसत असेल तर तुम्ही लेन्स समजून भलत्याच टिंबाकडे बघताय, वरच्या कडेला बाकीचे सेन्सर पण असतात, टिकली सरकवा.

आणि 'लेन्स' आणि 'चेहरा' या दोन भागांत तुम्हाला काहीच फरक दिसत नसेल तर फार चांगलं, म्हणजे अंतर पुरेसं आहे आणि तुम्हाला कागदाचीही तेवढी गरज नाही. फरक ठळक दिसत असेल तर अजून एक वीत मागे जा आणि पुन्हा करा.

चष्मा असेल तर पॉज केलेल्या फ्रेममध्ये काचेवर चौकोनी उजेड येतो का बघा, तो फोनच्या स्क्रीनचा किंवा समोरच्या खिडकीचा असतो आणि बुबुळ झाकतो. स्क्रीनचा ब्राइटनेस कमी करा, कागद लावला तर तोही प्रश्न संपतो, खिडकी समोरून थोडी बाजूला घ्या. पडवीत बसून खळ्याकडे तोंड करून रेकॉर्ड करणाऱ्यांचा उलट त्रास, उन्हानं डोळे बारीक होतात आणि मग नजर कुठेही असली तरी दिसतच नाही. दोन पावलं आत सरका, सावलीत.

गोल मेसेज

व्हॉट्सॲपवर साठ सेकंदांचा जो गोल व्हिडिओ मेसेज असतो तो नजरेसाठी सगळ्यात अवघड. त्यात आपला चेहरा स्क्रीनच्या मधल्या भागात गोलात दिसतो, लेन्सपासून सहा-सात सेंटीमीटर खाली, आणि फोन बहुतेक हातात. ५० सेंटीमीटरवर ते ७-८ अंश झाले, म्हणजे सवलतीच्या बाहेर. बटण धरून वर सरकवलं की ते लॉक होतं, मग दुसऱ्या हातानं गोल झाकून घ्या आणि हात पूर्ण लांब करा, आणि लेन्स डोळ्यांच्या उंचीला आणा. पण महत्त्वाचा मेसेज असेल तर माझं मत, साध्या कॅमेऱ्यानं रेकॉर्ड करा, ट्रिम करा, आणि नेहमीच्या व्हिडिओसारखा पाठवा.

आजी बोलतेय आणि फोन दुसऱ्याच्या हातात आहे

हे मालवण-कुडाळकडे तर घरोघरी चालतं, गणपतीला येता न आलेल्या मुलाला आजीचा मेसेज. फोन नातीच्या हातात, मागचा कॅमेरा चालू, आणि आजी नातीकडे बघून बोलते. ते स्वाभाविकच आहे, माणूस माणसाकडे बघतो, फोनकडे कशाला बघेल. आणि कितीही सांगितलं तरी आजी विचारणार, "खंय बघू मी?" आजीला लेन्स शोधायला लावू नका. त्याऐवजी फोन धरणाऱ्यानं जागा बदलायची.

नात उभी आणि आजी खुर्चीत असं असेल तर आजीची नजर लेन्सच्या बरीच वर जाते, आणि वरची चूक लपत नाही. म्हणून नातीनं समोर बसायचं, आजीच्या डोळ्यांच्या उंचीला स्वतःचे डोळे येतील असं, पाटावर किंवा तशाच खुर्चीत, दोन मीटरवर. फोन स्वतःच्या कपाळासमोर धरायचा, उभा पण उलटा, म्हणजे लेन्सचं टोक खाली, आणि मागे लेन्सचा उठाव जिथे असतो तो भाग आपल्या डोळ्यांच्या लगेच वर येईल इतका जवळ. आजी नातीच्या डोळ्यात बघेल, ती जागा लेन्सच्या तीन-चार सेंटीमीटर खाली, दोन मीटरवर तो १ अंश होतो, आणि तोही खालच्या बाजूला. नातीला स्क्रीन दिसणार नाही, म्हणून फ्रेम आधी लावून घ्यायची, फोन थोडा वर करून बघायचं, मग खाली आणायचं आणि हात हलवायचा नाही. कोपर गुडघ्यावर टेकवलं तर हात दोन मिनिटं सहज स्थिर राहतो.

मागचे दोन-तीन कॅमेरे असतील तर `1x` वरच ठेवा, `0.5x` नको, तो कडेची माणसं ताणतो आणि आजी उगाच लांब दिसते. आणि नातीनं मधेच "आजी, इकडे बघ" म्हणायचं नाही, त्यापेक्षा आजीला प्रश्न विचारायचा, मोदक किती केलेस, आरतीला कोण कोण होतं, म्हणजे आजी तिलाच उत्तर देत बसते आणि नजर जागेवर राहते. प्रश्नांचा आवाज नको असेल तर प्रश्न विचारून झाल्यावर दोन सेकंद थांबून आजीला बोलू द्यायचं, तेवढा तुकडा नंतर कापता येतो.

एकटेच असाल आणि मागचा कॅमेरा हवाच असेल, आडव्या व्हिडिओसाठी, तर फोनच्या पलीकडे भिंतीला एक आरसा टेकवून ठेवा, त्यात फोनची स्क्रीन दिसते आणि आपण फ्रेममध्ये आहोत का कळतं. मागच्या कॅमेऱ्याचा प्रिव्ह्यू सरळ असतो, आरशात तो उलटा होतो, म्हणजे सेल्फीसारखाच आपल्या सवयीचा दिसतो आणि सरकायला सोपं जातं. फ्रेम लागली की आरशावर पंचा टाका, आणि मग टिकलीकडे बघून बोलायला सुरुवात करा.